पुठ्ठ्याचा कोपरा किती कापावा?

दुकानाच्या मांडणीत झाकण नसलेले उथळ खोके नेहमी लागतात. ते करण्याची रीत सोपी आहे. पुठ्ठ्याचा आयताकृती तुकडा घ्यावा, त्याच्या चारही कोपऱ्यांतून सारख्या मापाचे चौरस कापून काढावेत, उरलेल्या चार पट्ट्या उभ्या दुमडाव्यात आणि सांधे चिकटपट्टीने जोडावेत. कापलेल्या चौरसाची बाजू हीच खोक्याची उंची होते. त्यामुळे कात्री हाती घेण्यापूर्वी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो. तेवढ्याच पुठ्ठ्यात जास्तीत जास्त माल मावावा, तर कोपरा किती कापावा?

एक माप धरून चालू. सुकामेवा विकणाऱ्या एका दुकानदाराकडे ४० सेंटीमीटर लांब आणि २५ सेंटीमीटर रुंद पुठ्ठ्याचे तुकडे आहेत. काटकसरीचा संस्कार सांगतो की, कोपरा शक्य तितका लहान कापावा, म्हणजे पुठ्ठा वाया जाणार नाही. १ सेंटीमीटरचा चौरस कापला, तर तळ ३८ बाय २३ चा होतो, उंची मात्र एकच सेंटीमीटर राहते. घनफळ भरते ८७४ घनसेंटीमीटर. याच्या उलट, खोका खोल हवा म्हणून १० सेंटीमीटर कापले, तर तळ २० बाय ५ एवढा अरुंद होतो आणि घनफळ १००० वर थांबते. पहिल्या खोक्याला भिंत नाही, दुसऱ्याला तळ नाही. पुठ्ठ्याची बचत आणि जागेची बचत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथेच लक्षात येते.

मधली मापे घेऊन पाहिली, तर ३ सेंटीमीटरला १९३८, ४ ला २१७६, ५ ला २२५०, ६ ला २१८४ आणि ७ ला २००२ घनसेंटीमीटर असे आकडे मिळतात. घनफळ चढत जाते, पाचाच्या आसपास माथा गाठते आणि उतरू लागते. परंतु माथा नेमका पाचावर आहे की ४.९ वर, की ५.२ वर, हे अशा चाचपणीतून ठामपणे सांगता येत नाही. तेथे कलनशास्त्राची गरज लागते.

कलनशास्त्राचा विचार येथे जमाखर्चासारखा आहे. कोपरा काही मापाने कापलेला आहे, आणि तो आणखी केसभर मोठा कापायचा आहे, असे समजावे. भिंती केसभर उंच होतील. त्यामुळे खोक्याच्या तोंडाशी एक पातळ थर नव्याने मिळेल. त्या थराचा विस्तार तळाएवढा असेल. ही जमा. त्याच वेळी चारही भिंती केसभर आत सरकतील. प्रत्येक भिंतीमागे तिच्याच आकाराचा एक पातळ थर हातचा जाईल. हा खर्च. थरांची जाडी दोन्हीकडे तीच, म्हणून तुलना फक्त क्षेत्रफळांची उरते. तळाचे क्षेत्रफळ भिंतींच्या एकूण क्षेत्रफळाहून मोठे असेल, तोवर कोपरा वाढवण्यात लाभ आहे. भिंती वरचढ झाल्या, की तोटा सुरू होतो. दोन्ही बाजू समसमान होतात, तेथे घनफळ सर्वाधिक असते.

आपल्या पुठ्ठ्यावर हे पडताळून पाहावे. कोपरा ३ सेंटीमीटर असताना तळ ३४ बाय १९, म्हणजे ६४६ चौरस सेंटीमीटर, आणि चार भिंती मिळून ३१८. जमा मोठी आहे, अजून कापावे. कोपरा ७ असताना तळ २८६ आणि भिंती ५१८. खर्च मोठा आहे, मागे यावे. कोपरा ५ असताना तळ ३० बाय १५, म्हणजे ४५०. भिंतींची एकूण लांबी ९० आणि उंची ५, म्हणजे त्यांचे क्षेत्रफळही ४५०. ताळेबंद जुळला.

हाच विचार सूत्रात मांडताना कापलेल्या चौरसाच्या बाजूला क्ष म्हणू. घनफळ घ असे होते:

घ = क्ष (४० − २क्ष)(२५ − २क्ष) = ४क्ष³ − १३०क्ष² + १०००क्ष

क्ष बदलला की घनफळ कोणत्या वेगाने बदलते, हे विकलन सांगते. येथे तो वेग १२क्ष² − २६०क्ष + १००० इतका येतो. माथ्यावर चढही नाही आणि उतारही नाही, म्हणून हा वेग शून्य धरावा. अवयव पाडले, तर ४(क्ष − ५)(३क्ष − ५०) = ० असे समीकरण मिळते. त्याची उत्तरे दोन आहेत: ५ आणि सुमारे १६.६७. दुसरे उत्तर बीजगणिताला मान्य असले, तरी कात्रीला मान्य नाही. २५ सेंटीमीटर रुंदीच्या दोन्ही टोकांतून १६.६७ सेंटीमीटर कापता येत नाहीत. क्ष नेहमी १२.५ पेक्षा कमीच असायला हवा. पाच हा माथाच आहे, खळगा नाही, याची खात्री दुसऱ्या विकलनाने होते. ते २४क्ष − २६० येते आणि क्ष पाच असताना त्याची किंमत उणे १४० असते. उणे चिन्ह म्हणजे माथा.

या गणितात एक चूक फार वेळा होते. कोपरा दोन्ही टोकांना कापला जातो, याचा विसर पडतो आणि ४० − २क्ष ऐवजी ४० − क्ष लिहिले जाते. पुढची सर्व रीत बिनचूक पार पडते आणि उत्तर १० असे सुबक येते. ते इतके नीटनेटके दिसते की शंका येत नाही. पण त्या मापाने केलेल्या खोक्यात १००० घनसेंटीमीटरच माल मावतो, निम्म्याहूनही कमी. अशा वेळी वरची कसोटी उपयोगी पडते. तळ १०० आणि भिंती ५००, हे पाहताच हिशेब कुठेतरी बिघडला आहे, हे सूत्र पुन्हा न तपासताही कळते.

पुठ्ठ्याचे माप वेगळे असेल, तर दरवेळी विकलन करण्याचे कारण नाही. लांबी ल आणि रुंदी र असताना

क्ष = [ल + र − √(ल² + र² − लर)] ÷ ६

आपल्या उदाहरणात लांबी-रुंदीची बेरीज ६५ आणि वर्गमूळ १२२५ चे, म्हणजे ३५. वजाबाकी ३०, तिचा सहावा भाग ५. याच सूत्रातून एक सोपा अंदाजही हाती येतो. पुठ्ठा चौरस असेल, तर कोपरा बाजूच्या बरोबर एक षष्ठांश असतो. रुंदी तीच ठेवून लांबी वाढवत नेली, तर कोपरा हळूहळू मोठा होत रुंदीच्या एक चतुर्थांशाकडे सरकतो, पण तिथपर्यंत कधी पोहोचत नाही. म्हणजे पुठ्ठा कोणताही असो, कोपरा त्याच्या लहान बाजूच्या सहाव्या आणि चौथ्या हिश्श्याच्या दरम्यानच असतो. २५ सेंटीमीटर रुंदीसाठी ही मर्यादा सुमारे ४.२ ते ६.२५ होते.

कापताना माप थोडे चुकले, तर किती नुकसान होते? पाचाऐवजी ४.५ कापले, तर २२३२ घनसेंटीमीटर मिळतात, ५.५ कापले, तर २२३३. अर्ध्या सेंटीमीटरच्या चुकीने शेकडा एकाहूनही कमी घट येते. हा योगायोग नव्हे. माथ्यावर चढ शून्य असल्यामुळे त्याच्या आजूबाजूची जागा जवळजवळ सपाट असते. खगोलशास्त्रज्ञ योहान्स केप्लर यांनी ही गोष्ट कलनशास्त्राच्या जन्माआधीच टिपली होती. १६१३ साली आपल्या दुसऱ्या विवाहासाठी त्यांनी मद्याची पिंपे खरेदी केली. विक्रेत्याने पिंपाच्या भोकातून एक मोजपट्टी तिरकी आत घातली आणि तेवढ्यावरून किंमत ठरवली. हे माप कितपत खरे, या शंकेतून केप्लर यांनी पिंपांच्या घनफळाचा अभ्यास केला आणि १६१५ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. घनफळ सर्वाधिक असलेल्या आकाराजवळ मापात थोडा फरक झाला, तरी घनफळात फरक जाणवत नाही, हे निरीक्षण त्यात आहे.

या सपाटीचा दुकानदाराला सरळ उपयोग आहे. त्याच्या पुड्या ६ सेंटीमीटर उंचीच्या असतील, तर पाचाचा हट्ट धरण्याची गरज नाही. कोपरा ६ ठेवावा. शंभरात सुमारे तीन भाग जागा जाईल, पण पुड्या काठाच्या आत राहतील. मात्र दोन-तीन सेंटीमीटरचा फरक परवडत नाही, कारण माथ्यापासून दूर गेल्यावर उतार झपाट्याने वाढतो.

आतापर्यंतच्या हिशेबात पुठ्ठ्याला जाडी नाही असे गृहीत धरले. मिठाईच्या खोक्याचा पातळ पुठ्ठा असेल, तर ते चालते. नालीदार पुठ्ठा ३ मिलिमीटर जाडीचा असेल आणि ३०, १५ व ५ ही खोक्याची बाहेरची मापे असतील, तर आतून तळ २९.४ बाय १४.४ आणि खोली ४.७ एवढीच उरते. घनफळ २२५० वरून सुमारे १९९० वर येते. धान्य भरून माप घेतले, तर उलट फसगत संभवते. भिंती बाहेर फुगतात आणि माप जास्त दिसते. म्हणून जाड पुठ्ठ्याच्या खोक्याची मापे आतून, पट्टीनेच घ्यावीत.

कापलेल्या चौरसांचे काय, असेही कोणी विचारील. आपल्या खोक्यात २५ चौरस सेंटीमीटरचे चार चौरस, म्हणजे पुठ्ठ्याचा दहावा हिस्सा बाजूला पडतो. तो वाया घालवलाच पाहिजे असे नाही. चौरस पूर्ण काढून न टाकता त्याची एकच बाजू चिरावी, दुसरी दुमडावी आणि तो शेजारच्या भिंतीला आतून किंवा बाहेरून चिकटवावा. कोपरा मजबूत होतो, चिकटपट्टी वाचते आणि घनफळाचे गणित तेच राहते.

वाचकांनी आता ४५ बाय २४ सेंटीमीटरचा पुठ्ठा घेऊन पाहावा. लांबी वाढली, रुंदी घटली, तेव्हा कोपरा बदलेल असे वाटते. सूत्रात वर्गमूळ १५२१ चे, म्हणजे ३९ येते आणि उत्तर पुन्हा ५ च मिळते. तळ ३५ बाय १४, म्हणजे ४९०. भिंती ९८ गुणिले ५, म्हणजे ४९०. घनफळ २४५० घनसेंटीमीटर.