विसरता विसरता आठवलेला शब्द

जर्मनच्या वर्गात पहिल्या काही आठवड्यांतच दार आणि खिडकी येतात, आणि मराठी विद्यार्थ्याची पंचाईत सुरू होते. मराठीत दार नपुंसकलिंगी, जर्मनमध्ये ‘दी ट्यूर’ स्त्रीलिंगी. खिडकी आपल्याकडे स्त्रीलिंगी, तिकडे ‘दास फेन्स्टर’ नपुंसकलिंगी. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थी ही जोडी तीस-चाळीस वेळा घोकतो, सकाळी पेपरात बरोबर लिहितो आणि दोन महिन्यांनी पुढच्या स्तराच्या वर्गात दाराला पुन्हा नपुंसकलिंगी करून टाकतो. आपण शिक्षक त्याला निष्काळजी ठरवतो. खरे तर त्याने कष्ट घेतलेले असतात. चूक कष्टांच्या वाटणीत असते. एका रात्रीत केलेल्या चाळीस आवृत्त्यांपैकी पहिल्या काहींचाच उपयोग झालेला असतो. उरलेल्यांपैकी पाच-सहा जरी त्याने पुढच्या वर्षभरात, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठे अंतर ठेवून वापरल्या असत्या, तरी तो शब्द त्याचा झाला असता. शब्दकार्डांच्या उजळणीचे वेळापत्रक हा म्हणूनच अभ्यासक्रमाचा भाग आहे. ते विद्यार्थ्याच्या मर्जीवर सोडू नये, असे आमचे म्हणणे आहे.

या विषयातला पहिला पुरावा जुना आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली स्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगटांच्या माळा तो स्वतःच पाठ करत असे आणि ठरावीक काळाने त्या पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात हे मोजत असे. तासाभरानंतर निम्म्याहून कमी श्रम वाचत होते, एका दिवसानंतर सुमारे एक तृतीयांश, महिन्यानंतर मात्र अजूनही सुमारे एक पंचमांश. विसर सुरुवातीला धावतो आणि पुढे रांगतो, एवढे यातून सर्वांच्या लक्षात राहिले. त्याच पुस्तकातला दुसरा निष्कर्ष मात्र वर्गापर्यंत फारसा पोचला नाही. बारा अक्षरगटांची माळ आदल्या दिवशी 68 वेळा म्हटल्याने जो फायदा मिळत होता, तोच तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवृत्त्यांनी मिळत होता. आपल्याकडे संध्याकाळी परवचा म्हणण्याची रीत होती. त्या पिढीचे पाढे म्हातारपणीही शाबूत राहिले, यात रोज थोडे आणि वर्षानुवर्षे म्हणण्याचा वाटा मोठा असावा.

अंतराने असे काय साधते? नुकताच पाहिलेला शब्द पुन्हा पाहिला, तर मनाला काही करावेच लागत नाही. तो समोरच असतो. काही दिवस गेले, आठवण फिकट झाली, आणि त्या अवस्थेत कार्डाची मागची बाजू न पाहता उत्तर शोधून काढावे लागले, तर तो शोधच आठवण घट्ट करतो. जेफ्री कार्पिके आणि हेन्री रोडिगर यांनी 2008 साली विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्दांच्या चाळीस जोड्या शिकवल्या. एकदा बरोबर आलेला शब्द काहींना पुन्हा पुन्हा विचारला, तर काहींना तो नुसता वाचायला दिला. त्या दिवशी दोघांनाही शब्द येत होते. आठवड्यानंतर मात्र विचारलेल्यांना सुमारे ऐंशी टक्के शब्द आठवले आणि वाचलेल्यांना जेमतेम एक तृतीयांश. आठवायला लागणे हे काम आहे, आणि ते काम थोड्या विसराशिवाय मिळत नाही. कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणायचे किंवा लिहायचे, हा नियम म्हणूनच अंतराइतकाच महत्त्वाचा. ‘हो, येतंय मला’ असे मनात म्हणून कार्ड उलटणाऱ्याची उजळणी झालेलीच नसते.

इथे एक अडचण आहे आणि ती शिक्षकाने ओळखलीच पाहिजे: योग्य पद्धत विद्यार्थ्याला चुकीची वाटते. नेट कॉर्नेल यांनी 2009 साली शब्दकार्डांवरच प्रयोग केले. काही शब्द छोट्या छोट्या गड्ड्यांतून लगोलग फिरवले, काही एका मोठ्या गड्डीतून, म्हणजे आपोआपच अंतर पडून. नव्वद टक्के लोकांना अंतराची पद्धत जास्त फळली. तरी पहिल्या सत्रानंतर 72 टक्के लोक सांगत होते की आपल्याला लगोलग फिरवण्याचाच उपयोग झाला. घोकताना शब्द झरझर जिभेवर येतात आणि त्या वेगालाच आपण ज्ञान समजतो. विद्यार्थी वेळापत्रक सोडून देतो तेव्हा तो बहुतेकदा आपल्या या प्रामाणिक अनुभवावर विश्वास ठेवत असतो, म्हणून नुसता उपदेश त्याला पटत नाही. त्याच्याच दोन गड्ड्यांची महिन्यानंतर तुलना करून दाखवली तर पटते.

दीर्घ काळाचा सर्वांत बोलका पुरावा बाहरिक कुटुंबाचा. हॅरी बाहरिक, त्यांची पत्नी आणि दोन मुली यांनी स्वतःवरच प्रयोग करून 1993 साली तो प्रसिद्ध केला. प्रत्येकाने परभाषेतल्या तीनशे शब्दांची 13 किंवा 26 सत्रे केली. सत्रांमध्ये 14, 28 किंवा 56 दिवसांचे अंतर ठेवले, आणि शेवटच्या सत्रानंतर पाच वर्षांपर्यंत चाचण्या घेतल्या. 56 दिवसांच्या अंतराने केलेली तेरा सत्रे आणि 14 दिवसांच्या अंतराने केलेली सव्वीस सत्रे यांचे फळ जवळजवळ सारखे निघाले. म्हणजे निम्म्या श्रमात तेवढीच स्मृती. मोठ्या अंतरामुळे शिकताना थोडा उशीर झाला, प्रत्येक सत्रात थोडे जास्त शब्द निसटले, पण त्याची भरपाई पुढे कितीतरी पटीने झाली.

जाणकार वाचक इथे आक्षेप घेतील. बाहरिक यांची अंतरे समान होती, वाढती नव्हती. शिवाय याच कार्पिके-रोडिगर जोडीने 2007 साली दाखवले होते की वाढत्या अंतरांचा फायदा लगेचच्या चाचणीत दिसतो, दोन दिवसांनंतर समान अंतरेच थोडी सरस ठरतात. मग अंतर वाढवत नेण्याचा आग्रह कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि वाढत्या क्रमात काही जादू आहे असा दावा आम्ही करत नाही. एका शब्दाला लागू असलेले उत्तर हजार शब्दांना पुरत नाही, एवढेच आम्ही म्हणतो. समजा रोज दहा नवे शब्द घेतले आणि प्रत्येकाची आठवड्याला एक उजळणी ठेवली. शंभराव्या दिवशी 140 जुनी कार्डे समोर येतील आणि हा आकडा वाढतच जाईल. आता पिओत्र वोझ्नियाक यांनी 1987 साली मांडलेला आणि पुढे अनेक कार्ड-अ‍ॅपांचा पाया झालेला हिशेब घ्या. पहिली उजळणी एका दिवसाने, दुसरी त्यानंतर सहा दिवसांनी, पुढे प्रत्येक अंतर आधीच्या सुमारे अडीचपट. सगळी उत्तरे बरोबर आली तर त्याच शंभराव्या दिवशी जुनी कार्डे येतात चाळीस. समान अंतर मोठे ठेवले तर कामाचा बोजा कमी होतो, पण नवा शब्द पहिल्या उजळणीआधीच बहुतांशी पुसला जातो. लहान ठेवले तर जुन्या, पक्क्या शब्दांवर रोजचा वेळ वाया जातो. प्रत्येक यशस्वी आठवणीनंतर विसराचा वेग मंदावतो, म्हणून पुढची भेट लांबवता येते आणि वाचलेला वेळ नव्या शब्दाला देता येतो.

‘दी ट्यूर’चा प्रवास या हिशेबाने पाहू. आज शिकलेला शब्द उद्या विचारला जाईल, मग सातव्या दिवशी, बाविसाव्या, साठाव्या, आणि मग साधारण पाच महिन्यांनी. सहावी भेट वर्ष उलटून गेल्यावर. बाविसाव्या दिवशी विद्यार्थी ‘दास ट्यूर’ म्हणाला, तर ते उत्तर चूकच धरायचे. ‘शब्द तर आला’ म्हणून सूट द्यायची नाही. शब्द पुन्हा एका दिवसाच्या अंतरावर येतो आणि नव्याने चढू लागतो. हे मोबाइलवाचूनही जमते. सेबास्टियान लाइटनर यांनी 1972 सालच्या पुस्तकात सुचवलेल्या खोक्यात पाच कप्पे असतात. बरोबर आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकलेले पहिल्यात परतते, आणि पुढचे कप्पे क्रमाने कमी वेळा उघडले जातात. सात-आठ वेळा मागे परतणारे कार्ड मात्र वेळापत्रकाने सुधारत नाही. तिथे कार्डच बदलायला हवे: ‘दार’ एवढाच शब्द लिहिण्याऐवजी ‘दार बंद कर’ असे वाक्य द्यावे, किंवा गोंधळात टाकणाऱ्या दोन शब्दांपैकी एक काही दिवस बाजूला ठेवावा. आठवड्याच्या उत्तरांवर नजर टाकली की अंतरांची तब्येतही कळते. दहापैकी जवळजवळ दहाही बरोबर येत असतील, तर अंतरे फार लहान आहेत. तीन-चार चुकत असतील, तर ती फार मोठी आहेत, नाहीतर शब्द न समजताच कार्डावर चढले आहेत.

‘परीक्षा सोमवारी आहे’ हा वर्गातला सर्वांत मोठा आक्षेप. सोमवारपुरते पाहिले तर घोकंपट्टी चालते, हे नाकारण्यात अर्थ नाही. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी 2008 साली तेराशेहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगात सर्वोत्तम अंतर हे चाचणी किती दूर आहे यावर ठरत होते: आठवड्याने चाचणी असेल तर एखादा दिवस, वर्षाने असेल तर सुमारे तीन आठवडे. म्हणजे विद्यार्थी आपल्या परीक्षांच्या वेळापत्रकाला साजेसेच वागतो. प्रत्येक चाचणी फक्त गेल्या पंधरवड्याच्या धड्यांवर घेतली, तर पंधरवड्यापुरतीच स्मृती आपण मागत असतो आणि तेवढीच मिळते.

कार्डांनी भाषा येत नाही, हा आक्षेप आम्हाला पूर्ण मान्य आहे. कार्ड रूप आणि अर्थ यांची गाठ मारते; शब्द कुठे शोभतो, कशाच्या सोबतीला येतो, हे वाचनातून आणि बोलण्यातूनच येते. पण ही गाठ सुटलेली असेल, तर वाचताना प्रत्येक ओळीला कोश उघडावा लागतो. दिवसाला पंधरा-वीस मिनिटे कार्डांना पुरेत. विद्यार्थी आजारी पडला, आठवडा बुडाला, कार्डे साठली, तर नवे शब्द थांबवावेत आणि साठलेली कार्डे रोज थोडी थोडी उपसावीत. थकबाकी एका रात्रीत फेडायला गेले की घोकंपट्टी मागच्या दाराने परत येते.

येत्या सत्रापासून एक बदल करून पाहावा, अशी आमची शिक्षकांना विनंती आहे. वीस गुणांच्या प्रत्येक शब्दचाचणीत दहा शब्द ताज्या धड्यातले ठेवा, पाच एका महिन्यापूर्वीचे आणि पाच तीन महिन्यांपूर्वीचे, आणि ही विभागणी सत्राच्या पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवा. तीन महिन्यांपूर्वीच्या त्या पाच शब्दांचे गुण वेगळे नोंदवा आणि सत्राअखेर आम्हाला कळवा.