बिल नेमके कोणाच्या नावाने? जीएसटी क्रमांक खरा असूनही पैसे अडकतात, ते असे

दुसरबीड (ता. सिंदखेडराजा) : "बिल कंपनीच्या नावाने बनवा आणि माल जालन्याला उतरवा." छोट्या पुरवठादाराला व्हॉट्सअॅपवर येणारा हा निरोप साधा वाटतो. कंपनीचे नाव माहीत असते आणि जुन्या बिलावरून जीएसटी क्रमांकही मिळतो. त्यामुळे बिल तयार होते आणि गाडी निघते. दीड-दोन महिन्यांनी पैसे येतात, पण जीएसटीची रक्कम वजा करून. कारण विचारले की उत्तर मिळते, "तुमचे बिल आमच्याकडे दिसत नाही."

बिलावरचा क्रमांक खोटा नसतो, कंपनीही खरी असते. तरीही हे घडते, कारण बिल बनवण्याआधी विचारायचा प्रश्न "तुमचा जीएसटी नंबर काय?" एवढाच नाही. "ही खरेदी तुमच्या कोणत्या नोंदणीवर आहे?" हा खरा प्रश्न आहे.

एकच कंपनी, दोन क्रमांक

उदाहरण म्हणून समजा, दुसरबीडमधील एका फॅब्रिकेशन वर्कशॉपला लोखंडी रॅकची ऑर्डर मिळाली. मालाची किंमत १ लाख रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. खरेदीदार कंपनीचे मुख्य कार्यालय हैदराबादला आहे, कारखाना जालन्याला. रॅक जालन्यात उतरवायचे आहेत, पण फोन हैदराबादच्या खरेदी विभागातून आला आहे.

जीएसटी नोंदणी राज्यनिहाय असते. म्हणून या कंपनीकडे दोन क्रमांक आहेत. नमुन्यादाखल महाराष्ट्रातील क्रमांक असा धरू:

```
27ABCDE1234F1Z0
```

यातील पहिले दोन अंक राज्याचे. 27 म्हणजे महाराष्ट्र, 36 म्हणजे तेलंगणा. पुढची दहा अक्षरे कंपनीचा पॅन. त्यानंतरचे एक अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यात घेतलेली ही कितवी नोंदणी आहे ते सांगते. मग सहसा Z येतो. शेवटचे अक्षर आधीच्या चौदा अक्षरांवरून गणिताने काढलेले असते, त्यामुळे टाइप करताना एखादे अक्षर चुकले तर पोर्टल क्रमांक अवैध ठरवते.

मात्र या तपासणीला एक मर्यादा आहे. हैदराबादच्या क्रमांकातही हाच पॅन असतो आणि कंपनीचे नावही तेच असते. जालन्याऐवजी हैदराबादचा क्रमांक टाकला, तर पोर्टलच्या दृष्टीने तो पूर्णपणे वैध आहे. चुकीचे अक्षर यंत्राच्या लक्षात येते, चुकीची शाखा येत नाही. ते खरेदीदाराला विचारूनच कळते.

गाडी महाराष्ट्रातच, कर मात्र आंतरराज्य

खरेदी जालन्याच्या नोंदणीवर असेल, तर पुरवठादार आणि ग्राहक दोघेही महाराष्ट्रातले. अशा वेळी बिलात ९ हजार रुपये सीजीएसटी आणि ९ हजार रुपये एसजीएसटी लागेल.

खरेदी हैदराबादच्या नोंदणीवर असेल आणि हैदराबादने माल फक्त जालन्यात उतरवायला सांगितला असेल, तर चित्र बदलते. व्यापारात याला 'बिल टू, शिप टू' म्हणतात. आयजीएसटी कायद्याच्या कलम १०(१)(ब) नुसार, तिसऱ्याच्या सांगण्यावरून माल दुसरीकडे पोहोचवला, तर तो माल सांगणाऱ्यालाच मिळाला असे धरले जाते. पुरवठ्याचे ठिकाण म्हणून सांगणाऱ्याचे मुख्य व्यवसायस्थळ लागू होते. म्हणजे गाडी दुसरबीडहून शेजारच्या जालना जिल्ह्यात गेली, राज्याची सीमा ओलांडलीच नाही, तरी बिलात १८ हजार रुपये आयजीएसटी लागतो.

दोन्ही बिलांची बेरीज १ लाख १८ हजारच होते. म्हणूनच अनेकांना वाटते, की फरक काय पडतो? फरक पडतो तो पैसे कोणत्या खात्यात जमा झाले याचा. आयजीएसटीऐवजी सीजीएसटी-एसजीएसटी भरला गेला, तर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात तो आपोआप वळत नाही. पुरवठादाराला आधी १८ हजार रुपये आयजीएसटी भरावा लागतो आणि चुकून भरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. अशा चुकीवर व्याज लागत नाही, ही कायद्याने दिलेली सवलत. पण परतावा येईपर्यंत तेवढे भांडवल अडकून पडते.

ग्राहक पैसे का रोखतो?

पुरवठादार आपली विक्री जीएसटीआर-१ या विवरणपत्रात भरतो. त्यात ज्या क्रमांकापुढे बिल नोंदवले, त्याच क्रमांकाच्या जीएसटीआर-२बी या पत्रकात ते दिसते. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार, पुरवठादाराने विवरणपत्रात दाखवलेल्या आणि ग्राहकाला तसे कळवले गेलेल्या बिलावरच ग्राहकाला कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट घेता येते.

म्हणजे जालन्याच्या खरेदीचे बिल हैदराबादच्या क्रमांकापुढे गेले, तर जालन्याच्या लेखापालाला ते दिसणार नाही. १८ हजारांची वजावट हुकते आणि तो तेवढी रक्कम पुरवठादाराच्या देण्यातून धरून ठेवतो. पुरवठादाराने तर कर सरकारला आधीच भरलेला असतो. एका बिलावर एवढी रक्कम म्हणजे छोट्या वर्कशॉपचा त्या कामातला नफाच.

उच्च न्यायालयापर्यंत गेलेली चूक

हा धोका कागदावरचा नाही. स्टार इंजिनिअर्स ही कंपनी बजाज ऑटोला वाहनांचे इलेक्ट्रॉनिक सुटे भाग पुरवत होती. बजाजच्या सूचनेनुसार काही माल थेट तिसऱ्याच कंपन्यांकडे पोहोचवला जात असे. जीएसटीआर-१ भरताना काही बिलांपुढे बजाजऐवजी माल उतरवून घेणाऱ्या कंपन्यांचे जीएसटी क्रमांक पडले. क्रमांक खरे होते, करही भरलेला होता. पण बजाजला वजावट मिळेना आणि चूक लक्षात आली तेव्हा दुरुस्तीची मुदत संपलेली होती. कर विभागाने दुरुस्ती नाकारली.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. सरकारचा महसूल बुडालेला नाही आणि चूक अनवधानाने झाली आहे, हे लक्षात घेऊन न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये जीएसटीआर-१ दुरुस्त करू देण्याचे निर्देश दिले. पुढे मार्च २०२५ मध्ये अॅबरडेअर टेक्नॉलॉजीज या दुसऱ्या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही मुंबई उच्च न्यायालयाचा असाच निकाल कायम ठेवला. लेखनाच्या किंवा आकडेमोडीच्या चुका सुधारण्याचा हक्क व्यवसाय करण्याच्या हक्कातूनच येतो, असा त्याचा आशय होता.

निकाल दिलासा देणारे आहेत. पण १८ हजार रुपयांसाठी उच्च न्यायालयात जाणे छोट्या पुरवठादाराला परवडणारे नाही. त्याच्यासाठी उपाय बिलाच्या आधीच हवा.

आधी काय मागायचे?

मालाचे बिल गाडी निघण्यापूर्वी किंवा निघताना बनणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे ही विचारणा ऑर्डर स्वीकारतानाच व्हायला हवी. गाडी भरून उभी असताना घाईत मिळालेला क्रमांकच बहुतेक वेळा घोळ घालतो.

निरोप थोडक्यात असा पाठवता येईल: "ही खरेदी आपल्या कोणत्या जीएसटी नोंदणीवर आहे, ते कृपया कळवावे. त्या नोंदणीचे प्रमाणपत्र परिशिष्टांसह, बिलाचा पत्ता, माल उतरवण्याचा पत्ता आणि खरेदी आदेश याच नावाने पाठवावा. त्यानुसार बिल बनवून माल रवाना करतो."

यात परिशिष्ट महत्त्वाचे. नोंदणी प्रमाणपत्राच्या पहिल्या पानावर फक्त मुख्य व्यवसायस्थळ असते. त्याच राज्यातील इतर गोदामे आणि कारखाने परिशिष्ट 'अ' मध्ये दिलेले असतात. जालन्याचा पत्ता 27 ने सुरू होणाऱ्या प्रमाणपत्रात सापडला, पण खरेदी आदेश हैदराबादच्या क्रमांकावर आला, तर तिथेच थांबून लेखी खुलासा घ्यावा. माल कुठे उतरतो यावरून बिलाचे नाव स्वतःच ठरवू नये.

आलेला क्रमांक services.gst.gov.in या संकेतस्थळावर Search Taxpayer मध्ये टाकून पाहता येतो. त्यासाठी लॉगिन लागत नाही. कायदेशीर नाव, व्यापारी नाव, मुख्य पत्ता आणि नोंदणीची स्थिती तिथे दिसते. स्थिती Active असावी. Cancelled किंवा Suspended दिसल्यास बिल बनवण्याआधी ग्राहकाशी बोलणे भाग आहे. पाहिलेल्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट ऑर्डरच्या कागदांसोबत ठेवला, तर पुढे वाद झाल्यास उपयोगी पडतो.

बिलात मात्र दोन्ही पत्ते वेगळे लिहावेत. 'बिल टू'मध्ये खरेदी करणारी नोंदणी आणि 'शिप टू'मध्ये माल उतरण्याची जागा. ई-वे बिलातही या दोन्हींसाठी वेगळे रकाने आहेत. आंतरराज्य बिलावर पुरवठ्याचे ठिकाण म्हणून राज्याचे नावही लिहावे लागते.

चूक झालीच तर?

विवरणपत्र भरण्याआधी चूक कळली, तर दुरुस्ती सोपी आहे. जीएसटीआर-१ भरल्यानंतर ग्राहकाचा क्रमांक बदलायचा असेल, तर तो पुढच्या कालावधीच्या जीएसटीआर-१ मध्ये बदलावा लागतो. त्याच महिन्यासाठी असलेल्या जीएसटीआर-१ए मध्ये हा बदल होत नाही. एका बिलाची दुरुस्ती पोर्टलवर एकदाच करता येते, त्यामुळे दुसऱ्यांदा अंदाजाने क्रमांक भरू नये. आणि ही दारे कायम उघडी नसतात. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यातले जे आधी येईल तोपर्यंतच.

जबाबदारी एकट्या पुरवठादाराची नाही

कायद्याने बिल अचूक बनवण्याचे काम पुरवठादारावर टाकले आहे. पण खरेदी कोणत्या नोंदणीवर आहे, हे फक्त खरेदीदारालाच ठाऊक असते. अनेक शाखा असलेल्या कंपनीने खरेदी आदेशावर तो क्रमांक न छापता फोनवर ऑर्डर द्यायची आणि नंतर बिल जुळत नाही म्हणून पैसे रोखायचे, हे न्याय्य नाही. खरेदी आदेशावर बिलाची नोंदणी आणि उतरवण्याचा पत्ता असे दोन रकाने छापायला मोठ्या कंपनीला काहीच खर्च येत नाही.

तोवर पुरवठादाराच्या हातात एकच गोष्ट आहे. लेखी उत्तर आल्याशिवाय बिल नाही आणि बिलाशिवाय गाडी नाही. यात एखादा दिवस जाईल, पण जीएसटीची रक्कम महिनोन्महिने अडकण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.