हप्त्याची गाडी, रोखीची गाडी आणि माझी बिलांची फाइल



मी बी.कॉम. केलं ते बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांपूर्वी. नोकरी कधी केली नाही, पण घरात आलेलं प्रत्येक बिल फाइलला लावायची सवय मात्र राहिली. मुलं हसतात. गेल्या महिन्यात त्याच फाइलनं घरातला एक जुना वाद मिटवला, म्हणून आज त्याविषयी.

२०२० च्या दसऱ्याला आम्ही आणि माझ्या भाच्यानं एकाच शोरूममधून एकाच मॉडेलची पेट्रोल गाडी घेतली. रस्त्यावर येईपर्यंतची किंमत ८ लाख. दोघांनीही १ लाख ६० हजार आधी भरले आणि उरलेले ६ लाख ४० हजार दोघांकडेही होते. आम्ही ते रोख दिले. भाच्यानं मात्र पाच वर्षांचं कर्ज काढलं, साडेआठ टक्क्यांनी, महिना १३,१३१ रुपये हप्ता. स्वतःचे पैसे त्यानं साडेपाच टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले.

शोरूममधल्या मुलानं त्याला कागदावर हिशेब करून दाखवला होता. कर्जावर पाच वर्षांत व्याज जाणार १ लाख ४८ हजार, आणि ठेवीवर व्याज मिळणार २ लाख १ हजार. म्हणजे कर्ज काढून उलट ५३ हजारांचा फायदा! भाचा म्हणाला, "मावशी, तू कॉमर्सची ना? मग रोख कशाला देतेस?" त्या क्षणी मलाही उत्तर सुचलं नाही. आकडे तर दोन्ही खरे होते.

चूक घरी आल्यावर लक्षात आली. ठेव पाच वर्षं पूर्ण ६ लाख ४० हजारांवर वाढत राहते. कर्ज मात्र दर महिन्याला कमी होत जातं, म्हणून त्याचं एकूण व्याज कमी दिसतं. पण ते कमी कशामुळे होतं? दर महिन्याला पगारातून १३,१३१ रुपये जातात म्हणून. ते पैसे त्या कागदावर कुठेच नव्हते. आम्हाला हप्ता नव्हता, म्हणजे तेवढेच पैसे आमच्या हातात उरणार होते. तुलना करायची तर दोन्ही घरांतून महिन्याला सारखीच रक्कम बाहेर पडते असं धरायला हवं. म्हणून मी पुढच्याच महिन्यात १३,१३१ रुपयांचं आवर्ती ठेवीचं खातं उघडलं, त्याच साडेपाच टक्क्यांनी.

त्याचा शेवटचा हप्ता गेला त्या दिवशीचा हिशेब असा. त्याच्या ठेवीचे झाले ८ लाख ४१ हजार. माझ्या आवर्ती ठेवीचे झाले जवळपास ९ लाख ४ हजार. दोघांची गाडी तीच, दोघांनी महिन्याला घातलेले पैसे तेच, आणि रोखीचं पारडं ६३ हजारांनी जड. व्याजावरचा कर मी यात धरलेला नाही. धरला तर फरक वाढेलच, कारण त्याला व्याज जास्त मिळालं, म्हणून करही त्यालाच जास्त. आणि स्वतःच्या वापराच्या गाडीच्या कर्जाचं व्याज पगारदाराला करात वजा मिळत नाही.

पण मैत्रिणींनो, बिलांची फाइल उघडली तेव्हा कळलं की खरा खर्च या वादाच्या बाहेरच होता. पाच वर्षांत आमची गाडी ४०,००० किलोमीटर चालली. लिटरला सरासरी १६ किलोमीटर धरले तर २,५०० लिटर पेट्रोल. घेतली तेव्हा भाव ८८ च्या आसपास होता, २०२२ च्या एप्रिलमध्ये १२० च्या घरात गेला आणि मग १०४-१०६ वर स्थिरावला. पावत्यांची बेरीज २ लाख ६१ हजार. सर्व्हिसिंग, टायर आणि एक बॅटरी मिळून ६९,५००. पहिल्या वर्षाचा विमा किमतीतच होता, नंतरच्या चार वर्षांचा ३७,७००. एकूण ३ लाख ६८ हजार, म्हणजे महिन्याला सहा हजारांच्या वर. हे भाच्यालाही तेवढेच लागणार होते, पण त्याच्या डोक्यात "गाडीचा खर्च" म्हणजे १३,१३१ एवढंच होतं. प्रत्यक्षात तो होता १९ हजारांच्या वर.

त्याचा परिणाम विम्यात दिसला. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच घ्यावा लागतो, तो चौथ्या वर्षाच्या तोंडावर संपतो आणि त्या वेळी हप्ता एकदम वाढतो. नेमके तेव्हाच त्याचे टायर आले, मुलीची शाळेची फी आली. विमा "पुढच्या महिन्यात" म्हणत चार महिने राहिला. मुदत संपून ९० दिवस उलटले की क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सवलत, नो क्लेम बोनस, जाते. आम्हाला ३५ टक्के सवलतीनं १०,८०० पडले, त्याला साधारण साडेचौदा हजार. आणि ते चार महिने गाडी विम्याशिवाय रस्त्यावर होती, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. काही झालं असतं तर ठेव, गाडी, सगळं गेलं असतं.

आता माझीही चूक सांगते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, आमचे हे अकरा दिवस दवाखान्यात होते. हाताशी पैसे नव्हते, कारण ते दारात उभे होते, चार चाकांवर. आवर्ती ठेवीत जेमतेम सहा हप्ते. बांगड्या बँकेत ठेवून दीड लाख काढले, नऊ टक्क्यांनी, आठ महिन्यांसाठी. ९,००० रुपये व्याज गेलं. पैशानं पाहिलं तर ६३ हजारांपुढे ते काही नाही. पण त्या रात्री बांगड्या काढताना जे वाटलं, त्याचं बिल माझ्या फाइलमध्ये नाही. भाच्याची ठेव तेव्हा शाबूत होती, हे मान्य करायला हवं.

म्हणून माझं मत असं. गाडी रोख घ्यावी, पण पैसे दिल्यावर घरात वर्षभराचा खर्च आणि आजारपणाची सोय शिल्लक राहणार असेल तरच. आणि त्याच महिन्यापासून हप्त्याएवढी रक्कम बाजूला टाकावी. ती टाकली नाही तर रोखीचा फायदा साड्यांत आणि हॉटेलांत विरघळून जातो, पाच वर्षांनी हातात काहीच नसतं. पैसे पुरत नसतील तर कर्ज काढावं, त्यात कमीपणा नाही. फक्त हप्त्यात महिन्याचे सहा हजार मिळवून मग पगाराकडे बघावं, आणि तरी जमत नसेल तर लहान गाडी बघावी.

गेल्या महिन्यात दोन्ही गाड्या विकायच्या म्हणून दाखवल्या. दोन्हींना सारखीच किंमत आली, ४ लाख ४० हजार. म्हणजे पाच वर्षांत ३ लाख ६० हजार नुसते झिजले. ते आणि वरचे खर्च मिळवले तर आम्हाला किलोमीटरला १८ रुपये पडले, भाच्याला जवळपास २०. फाइल बघून तो म्हणाला, "मावशी, याच्यापेक्षा रिक्षानं फिरलो असतो तर?"

तो हिशेब मी अजून केलेला नाही. रिक्षाच्या पावत्या मिळत नाहीत ना!