भिवापूरच्या कॅफेवाल्याने पत्रात काय मागावं?

भिवापूरच्या एखाद्या कॅफेत संध्याकाळी वायफाय रेंगाळू लागलं की मालकाला दोन सल्ले हमखास मिळतात. एकजण सांगतो, कंपनीला पत्र लिही, बिझनेस प्लॅन घे, स्पीड चौपट होईल. दुसरा सांगतो, बिझनेस प्लॅन म्हणजे त्याच तारेचे जास्त पैसे. घरगुतीच ठेव, फक्त मोठ्या आकड्याचा घे. मला दोन्ही सल्ले अमान्य आहेत. पत्र जरूर लिहावं, पण त्यात आधी मोजमाप असावं आणि मागणी स्पीडपेक्षा वेगळी असावी.

पहिला सल्ला तपासू. समजा, कॅफेत 50 एमबीपीएसचा घरगुती प्लॅन आहे, राऊटर गल्ल्यामागे आहे आणि संध्याकाळी पंधरा-वीस फोन जोडलेले आहेत. जुने, स्वस्त फोन 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात. तिथे साध्या फोनला कागदावर फार तर 72 एमबीपीएस मिळतात; प्रत्यक्षात साधारण निम्मेच, तेही सगळ्यांत वाटून. त्यातून भिंतीपलीकडच्या टेबलावरच्या फोनला सिग्नल क्षीण असेल तर तो सावकाश बोलतो, आणि त्याचं बोलणं होईपर्यंत बाकीचे थांबून राहतात. अशा वेळी बाहेरून 200 एमबीपीएस आणले तरी टेबलावर जास्त काही पोचणार नाही. इथे पैसे खर्चायचे ते 5 गिगाहर्ट्झही चालवणाऱ्या दुसऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर, आणि त्याच्यापर्यंत केबल ओढण्यावर.

खोट कुठे आहे हे ओळखणं अवघड नाही. लॅपटॉप केबलने थेट राऊटरला जोडा. कॅफे उघडण्याआधी एकदा आणि संध्याकाळच्या गर्दीत एकदा स्पीड तपासा. गर्दीतली तपासणी ग्राहकांचं वायफाय दोन मिनिटं बंद ठेवून करा, नाहीतर त्यांचाच वापर आकडा खाली ओढेल. दोन्ही वेळा आकडा पूर्ण आला आणि फोनवर मात्र सगळं अडखळत असेल, तर दोष कॅफेतल्या वायफायचा; कंपनीला दोष देऊ नये. सकाळी 50 आणि संध्याकाळी 12 आला, तर दोष बाहेरचा. घरोघरीच्या फायबरमध्ये सुमारे 2.5 जीबीपीएसचा एक धागा स्प्लिटरने 32 किंवा 64 जोडण्यांत वाटलेला असतो, आणि पुढचा रस्ताही सामायिक असतो. सगळं गाव एकदम व्हिडिओ लावतं तेव्हा अडचण तिथे होते. तिसरी शक्यता अशी की वायफाय बंद असताना आकडे ठीक येतात, पण ग्राहक जोडले की केबलवरच्या लॅपटॉपवरही सगळं ठप्प होतं. मग अपलोड बघा. ग्राहकांचे फोन आपोआप फोटो वर चढवत असतात, कॅमेऱ्यांचं चित्रणही वर जात असतं. तेवढ्याने रांग लागते आणि क्यूआरचे पैसे जमा झाल्याचा निरोप उशिरा येतो.

आता दुसरा सल्ला. तार बहुधा तीच असते, हे खरं. पण तिच्यामागचा करार तोच नसतो. घरगुती करार कुटुंबाच्या वापरासाठी असतो; अनोळखी लोकांना तीच जोडणी देणं बहुतेक कंपन्यांच्या अटींत बसत नाही. केबल खोदकामात तुटली आणि दुरुस्तीचा माणूस उमरेडहून यायचा असेल, तर किती तासांत येईल याची हमी घरगुती करारात सहसा नसते. उद्या कोणी या वायफायवरून फसवणूक केली तर चौकशी जोडणीच्या नावावर येते, म्हणजे मालकावर. बिझनेस प्लॅनची किंमत यांतल्या पहिल्या दोन गोष्टींसाठी मोजायची. ‘तीच तार’ म्हणणारे यांचा हिशेबच धरत नाहीत.

म्हणून पत्र काहीसं असं असावं:

‘महोदय, आपली घरगुती जोडणी मी कॅफेसाठी वापरत आहे, ती व्यावसायिक करारात बदलून हवी आहे. राऊटरला केबल लावून, वायफाय बंद ठेवून, सकाळ-संध्याकाळ घेतलेले स्पीडचे आकडे तारीख-वेळेसह सोबत जोडले आहेत. कृपया लेखी कळवावे: गर्दीच्या वेळी किमान किती वेग मिळेल, अपलोड किती, बिघाड किती तासांत दूर होईल, न झाल्यास बिलात किती सूट मिळेल, आणि ग्राहकांना वायफाय देण्यास करारात परवानगी आहे का.’

यात एक प्रश्न आणखी घालावा: पीएम-वाणीखाली जोडणी मिळेल का? डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत दुकानदाराला वायफाय पुरवण्यासाठी परवाना, नोंदणी किंवा शुल्क लागत नाही. ग्राहकांची ओळख आणि वापराची नोंद सांभाळणारे वेगळे असतात. ट्रायने जून 2025 मध्ये ठरवलं की 200 एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर प्लॅनसाठी अशा दुकानदारांना घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारता येणार नाही. समजा, घरगुती दर महिना 600 रुपये आहे. मग या योजनेत 1,200च्या वर मागता येत नाही. मात्र दुरुस्तीच्या तासांची हमी यात आपोआप येत नाही, ती वेगळी मागावी लागते. व्यावसायिक आणि पीएम-वाणी असे दोन्ही देकार लेखी आले की त्यांची तुलना तासांची हमी आणि संध्याकाळचा किमान वेग यांवर करावी. कंपनी किमान वेग लिहून द्यायला तयार नसेल, तर महिन्याच्या मुदतीचाच करार करावा, वर्षाचा नको.