बारा माणसं, चौदा दिवस आणि एक कोरी हजेरी

प्रति,
धोरण विभाग, गूगल प्ले



बारा परीक्षकांचा नियम रद्द करा, असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. उलट तो असावा, या मताचा मी आहे. फक्त तुम्ही त्यात मोजता एक आणि तुम्हाला हवं असतं दुसरं. त्याबद्दल दोन गोष्टी उघडपणे मांडायच्या आहेत.

वाचकांसाठी आधी नियम सांगतो. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यांनी प्ले कन्सोलवर वैयक्तिक डेव्हलपर खातं उघडलं, त्यांना अ‍ॅप थेट सर्वांसाठी खुलं करता येत नाही. आधी ‘क्लोज्ड टेस्टिंग’ करावं लागतं. सुरुवातीला त्यासाठी २० परीक्षक लागायचे, डिसेंबर २०२४ पासून १२ पुरतात. हे बारा जण सलग १४ दिवस चाचणीत सामील असले, की डेव्हलपरला प्रॉडक्शनसाठी अर्ज करता येतो. ‘इंटर्नल टेस्टिंग’मध्ये शंभर माणसं घेता येतात, पण ती या हिशेबात धरत नाहीत. संस्थेच्या नावावर खातं असेल तर ही अट लागूच नाही. हा भेद मला पटत नाही, पण तो वाद पुन्हा कधीतरी.

आता एक उदाहरण. आमच्या सांगलीतल्या एका तरुणाने दुधाच्या रतिबाचं अ‍ॅप केलं. गाईचं किती, म्हशीचं किती, खाडा कधी, महिनाअखेरीस बिल किती, एवढंच त्याचं काम. परीक्षक म्हणून त्याने कॉलेजातले मित्र घेतले नाहीत. रतीब घालणारे दोघे आणि त्यांची गिऱ्हाइकं घेतली. बाराऐवजी सोळा-सतरा जण घेतले, कारण कुणीतरी मध्येच बाहेर पडणार हे गृहीत होतं. चौदा दिवस मोजले जातात ते बारावा माणूस आत आल्यापासून, आणि एखादा बाहेर पडून परत आला तर त्याचे सलग दिवस नव्याने सुरू होतात. बरोबर बारा घेणाऱ्याची गाडी एका माणसामुळे अडते.

ही माणसं आत आणणं हेच मोठं काम निघालं. कन्सोलमध्ये ट्रॅक उघडायचा, त्यात देश म्हणून भारत निवडायचा (हे राहिलं तर लिंक उघडून कुणालाही काही मिळत नाही), ईमेलची यादी किंवा गूगल ग्रुप जोडायचा, आवृत्ती पाठवायची आणि तुमच्याकडची तपासणी होईपर्यंत थांबायचं. इथवर सरळ आहे. त्यानंतर लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि फोन सुरू होतात. सांगितलेला ईमेल एक आणि प्ले स्टोअरमध्ये चालू असलेला दुसराच, हे सर्रास होतं. फोन भाच्याने सुरू करून दिलेला असतो, त्याचंही खातं त्यात असतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून लिंक दाबली की ती क्रोममध्ये तिसऱ्याच खात्यावर उघडते. मग पडद्यावर इंग्रजीत निरोप येतो, ज्याचा मथितार्थ असा : चाचणीची आवृत्ती अजून प्रकाशित झालेली नाही किंवा या खात्यासाठी उपलब्ध नाही. त्यातलं कुठलं? पहिलं कारण असेल तर डेव्हलपरने थांबायचं, दुसरं असेल तर परीक्षकाने खातं बदलायचं. एकाच वाक्यात दोन्ही असल्यामुळे दोघंही एकमेकांकडे बघत बसतात.

त्या तरुणाने शेवटी यावर साधा तोडगा काढला. ईमेल विचारायचाच नाही. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडच्या गोल चित्रावर बोट ठेवा आणि दिसेल त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. तोच पत्ता यादीत घालायचा. मग लिंक उघडून ‘Become a tester’ दाबलंत का, आणि त्यानंतर अ‍ॅप खरोखर उतरवलंत का, हे दोन्ही वेगवेगळं विचारायचं. कारण पहिलं बटण दाबून, झालं काम असं समजून फोन खिशात घालणारे बरेच असतात. तुमच्या हिशेबी तेही सामील झालेले परीक्षकच, आणि अ‍ॅप कधी न उघडताही त्यांचे चौदा दिवस भरत राहतात.

मला ही कोरी हजेरी खुपते. आणि ती का खुपते हे कळायला, याच चाचणीत काय सापडलं ते सांगायला हवं.

पहिल्याच आठवड्यात एका काकूंचा आवाजी निरोप आला : “अरे, ‘नोंदवा’ दाबलं की बंदच पडतंय रे ते.” बाकी कुणाची अशी तक्रार नव्हती. त्याच्या स्वतःच्या फोनवर सगळं सुरळीत होतं, दुसऱ्या तीन फोनांवरही होतं. त्याने काकूंकडून बंद पडण्याआधीचा स्क्रीनशॉट मागवला, आणि त्यात उत्तर होतं. लिटरच्या चौकटीत 1.5 नव्हतं, १.५ होतं. काकूंच्या फोनची भाषा मराठी होती.

अ‍ॅप आदल्या दिवशीचा आकडा चौकटीत आधीच भरून ठेवायचं आणि बटण दाबल्यावर तोच वाचून साठवायचं. कोडमध्ये ते साधारण असं होतं :

```kotlin
val s = String.format("%.1f", 1.5)
val litre = s.toDouble()
```

पहिली ओळ फोनची भाषा पाहून अंक लिहिते. फोन मराठी असला की देवनागरी. दुसऱ्या ओळीला देवनागरी अंक वाचता येत नाहीत, ती `NumberFormatException` देते आणि अ‍ॅप कोसळतं. गंमत म्हणजे खाड्याचे दिवस मोजणारी चौकट त्याच फोनवर बिनतक्रार चालत होती, कारण तिथे `toInt()` होतं आणि ते देवनागरी अंक ओळखतं. हिंदी भाषेच्या फोनवर तर ही चूक दिसणारच नाही, कारण तिथे अंक मुळात इंग्रजीच धरलेले असतात. मराठी फोन, आणि त्यात दशांश असलेली चौकट, एवढं जुळलं की बिंग फुटतं. अँड्रॉइड स्टुडिओ अशा ओळीवर पिवळा इशारा देतो खरा, पण शेकडो पिवळ्या इशाऱ्यांत तो वाचतो कोण?

दुरुस्ती दोन ठिकाणी झाली. आतल्या कामासाठी संख्या लिहायची तिथे `String.format(Locale.US, "%.1f", 1.5)` केलं. आणि गिऱ्हाइकाने मराठी कळफलकावरून देवनागरी अंक टाकले तर तेही वाचले जातील अशी सोय केली. तुमचा प्री-लाँच रिपोर्टचा रोबो अ‍ॅपची बटणं दाबून पाहतो हे मला ठाऊक आहे. पण फोन मराठी करून रोज सकाळी दीड लिटर नोंदवणारा रोबो कुठून येणार?

दुसरी गोष्ट महिनाअखेरीची. त्याने चाचणी मुद्दाम अशी सुरू केली की चौदा दिवसांत एक तारीख यावी. रतिबाचं अ‍ॅप बिल काढतं ते महिना संपल्यावर, आणि तो दिवस चाचणीत आलाच नाही तर चौदा दिवस भरूनही मुख्य काम तपासलं गेलं नाही असं होतं. शिवाय मधल्या दुरुस्तीची नवी आवृत्ती याच ट्रॅकवर पाठवली. त्याने दिवस तुटत नाहीत. पण ती आवृत्ती आठवडाभराच्या खऱ्या नोंदी असलेल्या फोनवर बसली, आणि जुना डेटा नव्या रचनेत नीट उतरतो की नाही हे तिथेच समजलं. आपल्या टेबलावरच्या फोनवर आपण दर वेळी अ‍ॅप काढून नव्याने टाकतो, त्यामुळे हे तपासलंच जात नाही. चौदा दिवसांच्या अटीचा खरा उपयोग मला इथे दिसला. सात दिवसांत यातलं निम्मंही दिसलं नसतं.

आता दुसरी बाजू. ज्याला बारा माणसं मिळत नाहीत तो काय करतो, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. ‘तू माझं उतरव, मी तुझं उतरवतो’ असे गट भरपूर आहेत. पैसे घेऊन परीक्षक पुरवणारेही आहेत. तिथे बारा ईमेल मिळतात, चौदा दिवस भरतात. पण कुणी दूध नोंदवत नाही, कुणाचा फोन मराठी आहे की नाही याची चौकशी होत नाही. मग अर्जात विचारलं जातं, परीक्षकांनी अ‍ॅप कसं वापरलं, कोणता अभिप्राय मिळाला, त्यावरून काय बदललं. त्याची उत्तरं रचली जातात. तुम्ही काही अर्ज परत पाठवता. परीक्षकांचा पुरेसा सहभाग दिसला नाही, चाचणीच्या चांगल्या पद्धती पाळल्या नाहीत, अशी कारणं देता. कारणं खरीही असतील, पण ती इतकी ढोबळ असतात की प्रामाणिक माणसाला काय सुधारायचं ते कळत नाही, आणि उत्तरं रचणाऱ्याला पुढच्या खेपेला काय रचायचं तेवढं कळतं.

म्हणून मागणं असं. सहभाग तुम्ही पाहताच, तर तो डेव्हलपरलाही चाचणी चालू असतानाच दाखवा. नावं नकोत, ईमेल नकोत. सामील झालेल्यांपैकी कितींनी अ‍ॅप उतरवलं, कितींनी या आठवड्यात उघडलं, कितींचे सलग दिवस चालू आहेत, एवढे तीन आकडे डॅशबोर्डवर असले तरी पुरे. पाचव्या दिवशी कळलं की चार जणांनी अ‍ॅप उघडलंच नाही, तर माणूस फोन करून विचारेल. पंधराव्या दिवशी नकारातून कळलं तर पुन्हा दोन आठवडे जातात. असे आकडे दाखवल्याने फसवणाऱ्यालाही सोयीचं होईल, ही शंका रास्त आहे. पण भाड्याच्या परीक्षकाला रोज अ‍ॅप उघडायला लावायचं म्हटलं की त्याचा भाव वाढतो, आणि खऱ्या बारा माणसांचं चहापाणी त्याहून स्वस्त पडतं.

आणि ते एक वाक्य तोडा. चाचणी प्रकाशित झाली नसेल तर तसं सांगा. झाली असेल आणि खातं चुकलं असेल तर ‘तुम्ही या खात्यावरून आला आहात, दुसरं निवडा’ असं सांगा, आणि फोनच्या भाषेत सांगा. यादीत कोण आहे हे बाहेरच्याला कळू नये म्हणून निरोप मोघम ठेवला असेल, तर निदान चालू खात्याचा पत्ता ठळक दाखवा आणि तो बदलायचं बटण त्याच पानावर द्या. काकूंना तेवढं पुरेल.

बारा आणि चौदा हे आकडे मात्र आहेत तसेच राहू द्या.

कळावे,
आपला,
एक अ‍ॅप-निर्माता, सांगली