वही मिटल्याशिवाय मोबाईल चालायचा नाही

सभासद बंधू-भगिनींनो,

उसाची नोंद आता वहीऐवजी मोबाईलवर घ्यायची असे ठरले आहे. लागण झाली की चिटबॉयने शेतावर जायचे, मोबाईल हातात धरून बांधाने चालायचे आणि गट नंबर, जात, लागणीची तारीख तिथेच भरायची. क्षेत्र मोबाईल काढतो. तोडीचा क्रम याच नोंदीवरून लागतो. तरीही काही गटांत वही सुटत नाही. "पोरांना नवं शिकायचंच नाही," असा बोल सगळीकडे ऐकू येतो. मला तो पटत नाही.

वही चालू आहे हे ओळखायचे कसे? प्रत्येक नोंदीसोबत वेळ आणि ठिकाण आपोआप लिहिले जाते. एखाद्या गटातल्या सगळ्या नोंदी संध्याकाळी सात ते आठमध्ये, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने आणि गट कार्यालयातूनच झालेल्या दिसल्या, तर दिवसा वहीत लिहून रात्री उतरवले असे समजावे. क्षेत्र चालून न मोजता हाताने भरलेले असते. लागणीच्या तारखाही बघाव्यात. बहुतेक १ किंवा १५ असतील तर त्या अंदाजाच्या आहेत.

यात नुकसान तुमचे आहे. समजा, एकाची आडसाली लागण ३ जुलैची आणि दुसऱ्याची १४ जुलैची. दोघांचीही १५ जुलै लिहिली, तर अकरा दिवसांचा फरक पुसला गेला. मग आधी तोड कोणाला, हे तारीख ठरवत नाही, ओळखपाळख ठरवते. ज्याचा ऊस मागे राहिला त्याला तुरा येतो, पोकळ पडतो, आणि वजन घटते.

आता चिटबॉयची बाजू. एक जुना चिटबॉय मला म्हणाला, "साहेब, वही सोडतो, पण पाणंदीचं कुठं लिहू?" त्याच्या वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. "पाणंदीत चिखल, ट्रॅक्टर जात नाही, बैलगाडी लावा." "खालचा तुकडा लोळला आहे." "बेण्याचा प्लॉट, तोडू नये." टोळी पाठवताना खरा उपयोग याच रकान्याचा. मोबाईलवर त्याला जागाच नव्हती. ही खोड नव्हे, कामाची गरज होय. म्हणून आधी सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडून शेऱ्याचा रकाना घालून घेतला. मगच वही सोडा म्हणायला तोंड राहते.

दुसरी अडचण क्षेत्राची. सभासद सांगतो ४० गुंठे, चालून भरतात ३४. एकरी ४० टन धरले तर सहा टनांचा फरक पडतो, आणि राग निघतो चिटबॉयवर. तो गावातच राहणारा. भांडण टाळायला सांगितलेला आकडा लिहून मोकळा होतो. यावर उपाय असा की सभासदाने सोबत चालावे, आणि मतभेद झाला तर निकाल ओव्हरसियरने द्यावा, चिटबॉयने नव्हे. शिवाय मोबाईलची मोजणी काही मीटर इकडेतिकडे होते. दहा गुंठ्यांचा चौकोनी तुकडा सुमारे ३२ मीटर बाजूचा असतो. हद्द चारी बाजूंनी तीन-तीन मीटर बाहेर गेली तर तोच तुकडा १४ गुंठे दिसेल. म्हणून वीस गुंठ्यांखालचे तुकडे टेपनेच मोजावेत. मोबाईल कुठे चुकतो हे आपणच आधी सांगितले, की माणसांचा त्यावरचा विश्वास वाढतो.

या दोन गोष्टी झाल्या की तिसरी मात्र कडक हवी. वही बंद करायची तारीख ठरवावी, आणि त्या दिवशी जुन्या वह्या कार्यालयात जमा करून कपाटात ठेवाव्यात. "दोन्ही चालू राहू द्या, अडीअडचणीला उपयोगी," हे ऐकायला बरे वाटते. पण दोन नोंदी असल्या की माणूस सवयीची खरी धरतो आणि दुसरी उरकतो. रेंज नसली तरी अडत नाही. नोंद मोबाईलमध्येच साठते आणि रेंज आल्यावर पुढे जाते.

सर्वांत मोठी जबाबदारी आम्हा अधिकाऱ्यांची. आठवड्याच्या बैठकीत अधिकाऱ्यानेच "वही आण बघू" म्हटले, तर चिटबॉय वही कशाला सोडेल? बैठकीत पडद्यावरची यादी उघडावी आणि तीवरूनच प्रश्न विचारावेत. यादीत नसलेला ऊस तोडीच्या कार्यक्रमात धरू नये. आधी शेतावर जाऊन नोंद करावी, मग तारीख द्यावी. नियम एकदा मोडला की वही परत खिशात येते.

सभासदांनीही एवढे करावे. चिटबॉय आला की बांधाने सोबत चाला, लागणीची खरी तारीख सांगा, आणि भरलेली नोंद तिथेच डोळ्यांनी बघा. "घरूनच लिही रे" म्हणू नका. त्या सवडीची किंमत तोडीच्या वेळी तुम्हालाच मोजावी लागते.

कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी