‘फुल अँड फायनल’ लिहिलेला चेक

मिरजेकडे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारांचं फॅब्रिकेशन करतात. घरात सगळे त्यांना मामू म्हणतात, म्हणून आम्हीही मामूच म्हणतो. गेल्या वर्षी त्यांनी एका बिल्डरच्या इमारतीचं काम पुरं केलं. बिल झालं २,४०,००० रुपयांचं. ६०,००० आधी आगाऊ मिळाले होते, म्हणजे येणं राहिलं १,८०,०००. दोन महिने फेऱ्या मारल्यावर एक दिवस लिफाफा आला. आत १,१०,००० चा चेक आणि बिल्डरच्या लेटरहेडवर चार ओळी: दोन खिडक्यांचं काम सदोष आहे, मोजमापातही फरक आहे, म्हणून ही रक्कम बिलाच्या पूर्ण व अंतिम हिशेबापोटी देत आहोत, मान्य नसेल तर सात दिवसांत चेक परत करावा, नाहीतर हिशेब मिटला असं समजलं जाईल. चेकच्या मागेही पेन्सिलीनं ‘फुल अँड फायनल’ लिहिलेलं.

मालवाल्याची उधारी डोक्यावर होती, पोरांचे पगार द्यायचे होते. मामूंचा धाकटा भाऊ म्हणाला, “भाईजान, आधी चेक भरून टाका. बाकीच्या सत्तर हजारांसाठी मग भांडू.” मामींनी मात्र ते पत्र दोनदा वाचलं आणि मामूंना आमच्याकडे पाठवलं. त्यांचं वाचणं कामी आलं, कारण ‘आधी भरू, मग भांडू’ हाच तो क्रम आहे ज्यात माणूस आपला दावा गमावतो.

बहुतेकांची समजूत अशी असते की एक लाख ऐंशी हजार येणं आहे, एक लाख दहा हजार आले, म्हणजे सत्तर हजार शिल्लक राहिलेच. कागदावर कोणी काहीही लिहो. ही समजूत इंग्लंडच्या जुन्या कायद्यात बरीचशी खरी आहे. तिथे ठरलेल्या कर्जापेक्षा कमी रक्कम घेतली म्हणून उरलेलं कर्ज संपत नाही, हा नियम १६०२ पासूनचा आणि १८८४ साली तिथल्या सर्वोच्च पीठानं तो कायम ठेवला. आपल्याकडे मात्र १८७२ च्या करार कायद्यानं मुद्दाम वेगळी वाट धरली. त्याचं कलम ६३ सांगतं की ज्याचं येणं आहे तो ते पूर्ण किंवा काही अंशी सोडू शकतो, किंवा त्याऐवजी त्याला योग्य वाटेल ते घेऊन समाधान मानू शकतो. त्यासाठी बदल्यात काही मिळालंच पाहिजे, असंही नाही. कायद्यातच उदाहरण दिलं आहे: पाच हजारांचं देणं आहे, घेणाऱ्यानं सगळ्या कर्जाच्या फेडीपोटी म्हणून दोन हजार स्वीकारले, तर सगळं कर्ज संपलं. आणखी एका उदाहरणात तर कर्ज नक्की किती हे ठरलेलंही नाही. तरी दोन हजार फेड म्हणून घेतले की कर्ज संपलं, मग ते कितीही असो.

म्हणजे आपल्या देशात प्रश्न ‘रक्कम पुरेशी होती का’ हा राहत नाही. प्रश्न उरतो तो ‘तुम्ही ती काय म्हणून घेतली’ एवढाच.

याचं एक जुनं आणि मोठं उदाहरण हैदराबादचं आहे. सातव्या निजामांचे थोरले साहेबजादे, प्रिन्स ऑफ बेरार, यांनी १९३७ साली जवाहिऱ्यांकडून दागिने घेतले आणि वचनचिठ्ठी दिली. पैसे थकले, व्याज चढत गेलं, रक्कम २७ लाखांच्या वर गेली. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर राजपुत्रांची कर्जं मिटवायला समिती नेमली गेली आणि तिनं या जवाहिऱ्यांना पूर्ण फेडीपोटी वीस लाख द्यायचं ठरवलं. त्यांनी ते घेतले आणि वचनचिठ्ठ्यांवर ‘पूर्ण समाधान’ झाल्याची नोंद करून दिली. नंतर उरलेल्या सात लाखांसाठी राजपुत्रावर दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे हरला. पूर्ण फेड म्हणून दिलेली रक्कम समजून-उमजून घ्यायची आणि मग ती अर्धवट होती असं म्हणायचं, हे चालणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ. तिथे पैसे राजपुत्रानं स्वतः नव्हे तर सरकारनं दिले होते, तरीही फरक पडला नाही.

जवाहिऱ्यांनी निदान सही केली होती. मामूंसारख्यांचा प्रश्न असा की आपण काहीच लिहून दिलं नाही, नुसता चेक भरला, तर? करार कायद्याचं कलम ८ इथे आडवं येतं. देऊ केलेल्या गोष्टीला जोडलेली अट पाळली, किंवा तिच्यासोबत आलेला मोबदला घेतला, तर तो होकार ठरतो. तोंडानं किंवा लेखी ‘हो’ म्हणायची गरज नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयात रेल्वेचं असं प्रकरण आलं. मालाच्या नुकसानीपोटी एका व्यापाऱ्यानं भरपाई मागितली होती. रेल्वेनं कमी रकमेचे चेक पाठवले आणि सोबतच्या पत्रात लिहिलं की मान्य नसेल तर चेक ताबडतोब परत करा, ठेवून घेतले किंवा वटवले तर पूर्ण फेड मान्य आहे असं धरू. व्यापाऱ्यानं चेक वटवले आणि आपण नापसंतीही कळवली होती, असं सांगितलं. न्यायालयानं नेमकी तारीख पाहिली. वटवण्याआधी नकार कळवला असता तर ते वटवणं होकार ठरलंच असतं असं नाही. पण आधी नकार कळवल्याचा पुरावा त्याला देता आला नाही, म्हणून दावा गेला. त्याच निकालात न्यायालयानं हेही म्हटलं की प्रत्येक प्रकरण त्याच्या हकिगतीवर ठरेल. ज्याच्या वागण्यातून राखून ठेवलेला नकार दिसतो, त्याचा होकार धरता येईलच असं नाही.

तेव्हा मामूंना आम्ही पहिली गोष्ट सांगितली ती ही की आज बँकेत जायचं नाही. चेक तारखेपासून तीन महिने चालतो. दोन-चार दिवसांनी काही बिघडत नाही. दुसरी गोष्ट, चेकला हात लावायचा नाही. पुष्कळ लोक ‘फुल अँड फायनल’वर काट मारतात, किंवा मागे ‘नापसंतीसह’ असं लिहून चेक भरतात. काट मारलेला चेक बँक खाडाखोड म्हणून परत करू शकते. आणि मागे लिहिलेलं बिल्डरच्या नजरेस पडतच नाही, कारण आता चेक आपल्याच बँकेत थांबतो आणि त्याचं फक्त चित्र पुढे जातं. ज्याला नकार द्यायचा त्याच्यापर्यंत तो पोचला नाही तर तो नकार कसला? चेकची दोन्ही बाजूंनी आणि पत्राची झेरॉक्स काढून ठेवायची, बस.

मग पत्र. बिल्डरच्या पत्रात ‘मान्य नसेल तर परत करा’ असं स्पष्ट होतं, म्हणून खरं पाहता सगळ्यात निर्धोक मार्ग चेक परत पाठवण्याचाच. पण हाती आलेले एक लाख दहा हजार परत पाठवायला छातीवर दगड ठेवावा लागतो, आणि मामूंची तेवढी ताकद नव्हती. म्हणून मधला मार्ग काढला. सात दिवसांच्या आत, पाचव्याच दिवशी, पत्र गेलं. मजकूर साधारण असा होता:

“आपला अमुक तारखेचा, अमुक क्रमांकाचा १,१०,००० रुपयांचा चेक मिळाला. पूर्ण व अंतिम हिशेब म्हणून तो आम्हाला मान्य नाही. आमचं येणं १,८०,००० आहे. चेक आम्ही वटवलेला नाही, जपून ठेवला आहे. बिलापोटी काही अंशी रक्कम म्हणून तो वटवावा की आपणास परत पाठवावा, हे सात दिवसांत लेखी कळवावे. अंशतः रक्कम म्हणून वटवल्यास उरलेल्या ७०,००० चा आमचा हक्क कायम राहील.”

स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवलं आणि त्याचाच फोटो बिल्डरच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकला. पोस्टाची पावती आणि पुढे बँकेत चेक भरल्याची स्लिप, या दोन्हींवरच्या तारखा एकापुढे एक ठेवल्या की क्रम आपोआप दिसतो. उद्या कोर्टात पाहायचं झालं तर तोच पाहिला जाईल.

आजकाल पुष्कळ बिल्डर चेक देतच नाहीत. रक्कम थेट खात्यात येते आणि मागोमाग मेसेज येतो, ‘फुल अँड फायनल’. तिथे आधी नकार द्यायची सोयच नसते. पण तिथे आपण स्वतः काही केलेलंही नसतं, पैसे येऊन पडलेले असतात. मेसेज वाचल्यावर गप्प राहिलात तर मात्र ते गप्प राहणं तुमच्याविरुद्ध वापरलं जातं. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ‘ही रक्कम अंशतः मिळाली असं धरतो, अंतिम हिशेब मान्य नाही’ एवढं लेखी कळवा. हिशेबनीस व्हाउचरवर ‘पूर्ण रक्कम मिळाली’ असं छापलेलं पुढे करतात तिथे तर जास्तच जपायचं. सही चेकपेक्षा जड असते. दबावाखाली सही घेतली, ती नाही दिली तर कबूल केलेलीही रक्कम अडवून धरली, असं सिद्ध करता आलं तर न्यायालयं ऐकतात; विमा कंपनीच्या अशाच एका प्रकरणात, दबावाचा आक्षेप खरा की खोटा हे तपासलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं मानलं आहे. पण नुसती पैशांची नड होती म्हणून सही केली, एवढ्यावर दबाव सिद्ध होत नाही. नड कोणाला नसते?

नोकरी सोडतानाचा ‘फुल अँड फायनल’ याहून वेगळा असतो. ग्रॅच्युइटीसारखं कायद्यानं ठरवून दिलेलं देणं मालकाला कागदावर सही घेऊन बुडवता येत नाही. हा विषय मोठा आहे, इथे एवढंच.

मामूंच्या पत्राला बिल्डरचं लेखी उत्तर आलं नाही. सहाव्या दिवशी त्याच्या हिशेबनिसाचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला: “चेक भरून घ्या, बाकीचं मोजमाप करून बघू.” भाऊ म्हणाला, हे काय उत्तर झालं! आम्हाला ते उत्तर फार आवडलं. ‘बाकीचं बघू’ म्हणजे बाकी आहे, हे त्यांनीच कबूल केलं. निरोपाचा स्क्रीनशॉट काढला, मामींनी तो छापून फाइलला लावला, आणि मग मामू बँकेत गेले.

पुढे दोघांनी मिळून साइटवर टेप लावून मोजलं. दोन खिडक्यांचे ट्रॅक खरंच वाकडे होते, मामूंनी ते मान्य करून १२,००० सोडले. उरलेले ५८,००० दोन हप्त्यांत मिळाले. शेवटच्या हप्त्याच्या पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ असं मामूंनी स्वतःच्या हातानं लिहिलं.